भावकीचा गणपती आणि चार मिनिटांचं बोलणं

कोकणातल्या अनेक भावक्यांचा गणपती एकच असतो आणि तो मूळ घरात बसतो. भाऊ वेगळे झाले, शेतं वाटली, चुली वेगळ्या झाल्या, तरी देवघर कुणी वाटून घेतलं नाही. देवाची फक्त पाळी लागली. यंदा थोरल्याकडे, पुढच्या वर्षी मधल्याकडे, मग धाकट्याकडे. ज्याची पाळी त्याचा खर्च. हे ऐकायला जाचक वाटतं, पण त्या खर्चापाठी अनेक घरांत काहीतरी उत्पन्न बांधून दिलेलं असायचं. एखादा भाताचा मळा, चार माड, एखादा बरका फणस. पाळीवाल्यानं त्या वर्षी त्या मळ्याचं भात घ्यायचं आणि त्यातून देवाचं करायचं. वर्गणीचा प्रश्नच येत नसे, कारण वर्गणी जमिनीतून उगवत होती.

ही व्यवस्था दोन बाजूंनी मोडली. १९४८ च्या कूळकायद्यानं आणि त्यातल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानं कुळाकडे असलेली बरीचशी शेती कुळाच्या नावावर गेली. ते न्याय्यच होतं. पण ‘देवाचा मळा’ कुळाकडे असेल, तर त्याबरोबर देवाचं उत्पन्नही गेलं. जिथे मळा घरात राहिला, तिथे तो कसायला माणसं राहिली नाहीत. ती मुंबईला गिरणीत गेली. गिरणगावातल्या खोल्यांतून गावोगावच्या मंडळांनी दरमहा वर्गणी काढून गावच्या देवळांची, पालख्यांची सोय केली. म्हणजे घरटी वर्गणी काढणं ही काही आजची टूम नव्हे, आपल्या आजोबांची पिढी चाळीत बसून तेच करत होती. १९८२ च्या संपानंतर त्या खोल्या ओस पडू लागल्या आणि पुष्कळ भावक्यांत गणपतीचा खर्च पुन्हा पाळीवाल्याच्या खिशावर येऊन पडला. आता त्याच्या मागे मळाही नव्हता.

आज अशा घरात कुणीतरी उठून म्हणतं, ‘दर वर्षी घरटी काहीतरी काढूया.’ बोलणं चार मिनिटांचं असतं, पण त्यावरून पुढे चार वर्षं अबोला राहिल्याची घरं आपल्या पाहण्यात असतात. बहुतेक वेळा चूक आकड्यात नसते. बोलणारा ‘किती’पासून सुरुवात करतो आणि ‘कशासाठी’ हे ऐकणाऱ्यांवर सोडतो. मग कुणाला वाटतं यात घराचे कोनेवासे आले, कुणाला वाटतं बाबांचं श्राद्धही आता भावकी करणार, आणि प्रत्येकजण आपापल्या मनातल्या यादीवर भांडत बसतो.

म्हणून आधी यादी. पितरांच्या नावानं जे होतं, त्यातलं सगळं सामाईक नसतं. परंपरेचा याबाबतचा दंडक बराच स्पष्ट आहे: एकत्र कुटुंबात थोरल्यानं केलेलं श्राद्ध सगळ्या भावांचं होतं, वाटण्या झाल्या की वर्षश्राद्ध ज्याचं त्यानं करायचं. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधु’त आणि त्याआधीच्या निबंधग्रंथांतही विभक्त आणि अविभक्त भावांचा हा फरक धरलेला आहे. तेव्हा पितृपक्षातला म्हाळ ज्याच्या त्याच्या चुलीवर राहू द्यावा. त्यात तिथी वेगळ्या, सवाष्ण गेलेल्या आईची अविधवा नवमी वेगळी, कुणाच्या सुनेला सुट्टी नाही, कुणी त्याऐवजी अन्नदान करतो. सामाईक निधीनं या खासगी गोष्टींत हात घातला, की पहिला वाद तिथेच होतो.

सामाईक ते, जे जागेला बांधलेलं आहे आणि एकट्यानं दुसरीकडे करता येत नाही. मूळ घरातला गणपती. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारी येते तेव्हाची ओटी, मान आणि पाहुणचार. कुळस्वामिनीला वर्षातून एकदा भावकीच्या नावानं होणारा अभिषेक. आणि देवघरातला रोजचा दिवा. हा शेवटचा खर्च यादीत नेहमी राहून जातो. तो राहतो कारण तो कुणीतरी फुकट करत असतं. बहुतेक वेळा गावात मागे राहिलेली एखादी काकू, जी गुडघे धरत रोज तेलवात करते आणि जिला पाच दिवस आलेली मंडळी ‘तुम्ही आहात म्हणून बरं’ एवढंच म्हणून गाडीत बसतात. माझ्या मते वर्गणीच्या यादीत पहिली ओळ तिच्या मानधनाची असावी.

घराचं छप्पर मात्र या यादीत घेऊ नये. मोह खूप होतो, कारण कौलं खरोखरच फुटलेली असतात. पण घर ही मिळकत आहे. त्यात हिस्से आहेत, घरपट्टी कुणाच्या तरी नावावर आहे, आणि दुरुस्तीला जास्त पैसे घातलेला माणूस पुढे ‘माझे इतके लागले’ म्हणतो. देवाच्या वर्गणीची पावती उद्या हिश्शाच्या भांडणात पुरावा म्हणून बाहेर निघाली, तर वर्गणीही बुडते आणि देवही. घराची वही वेगळी, देवाची वेगळी.

आता आकडा. समजा एका भावकीत तीन शाखा आहेत आणि मिळून २२ चुली: थोरल्याच्या ३, मधल्याच्या ७, धाकट्याच्या १२. गणपतीच्या पाच दिवसांचा खर्च मूर्ती, भटजींची दक्षिणा, फुलं, माटवी, नैवेद्य आणि भजनी मंडळींचा चहाफराळ धरून ३२,००० रुपये. पालखीचे ८,०००, अभिषेकाचे ६,०००, रोजच्या दिव्याचे आणि करणाऱ्याच्या मानधनाचे महिना १,००० प्रमाणे १२,०००. एकूण ५८,०००. त्यावर सुमारे दहा टक्के राखीव धरले तर ६३,८००. आकडे नमुन्याचे आहेत, गावागणिक बदलतील, पण पुढचा हिशेब बदलत नाही.

जुन्या वळणाची माणसं म्हणतील, शाखेनुसार घ्या, जमिनीचे हिस्सेही तसेच आहेत. तसं केलं तर प्रत्येक शाखेवर २१,२६७ रुपये येतात. थोरल्याच्या तीन घरांना प्रत्येकी सात हजारांच्या वर द्यावे लागतात आणि धाकट्याच्या बारा घरांना अठराशेच्या आत. थोरल्याच्या घरात मुलगे कमी झाले, एवढाच त्यांचा अपराध. घरटी घेतलं तर सगळ्यांना सारखे २,९०० येतात. मला घरटी हिशेबच बरा वाटतो, फक्त तो मांडताना एक वाक्य न विसरता म्हणावं लागतं: वर्गणी सारखी झाली म्हणून जमिनीतला हिस्सा सारखा झाला नाही आणि कमीही झाला नाही. हे न बोललं तर थोरल्याच्या शाखेला धास्ती वाटते आणि धाकट्याच्या शाखेत उगाच आशा.

पण २,९०० हा आकडाही जसाच्या तसा मागायचा नाही. बावीसच्या बावीस घरं दर वर्षी पैसे देतील असं धरून मांडलेला ताळेबंद पहिल्याच वर्षी तुटतो. एक घर परदेशी, एकाची नोकरी सुटलेली, एक रुसलेलं, एकाच्या लक्षात नाही. अठरा घरं देतील असं धरा. ६३,८०० ला अठरानं भागलं की ३,५४४ येतात. म्हणून ३,५०० मागायचे. अठरांनी दिले तर ६३,००० जमतात आणि वर्ष निभावतं. सगळ्यांनी दिले तर ७७,००० होतात आणि खर्चानंतरचे १९,००० दर तीन वर्षांच्या गोंधळासाठी बाजूला पडतात. कमी आकडा सांगून मध्येच ‘अजून पाचशे द्या’ म्हणणं सगळ्यात वाईट. माणसं ३,५०० देताना कुरकुरत नाहीत, दुसऱ्यांदा मागितलेल्या ५०० वर कुरकुरतात.

‘घर’ म्हणजे काय, हेही आधी ठरवावं लागतं. जिची चूल वेगळी तिची वर्गणी वेगळी, हा जुना निकष अजून चालतो. पुण्यात खोली करून राहणारा अविवाहित मुलगा वडिलांच्या चुलीत धरायचा. गावात राहून देवाचं करणाऱ्या घराकडून पैसे घ्यायचे नाहीत, त्यांची वर्गणी श्रमाची. माहेरवाशिणींचं जरा नाजूक असतं. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क मिळाला. तेव्हा ‘मुलींना काय विचारायचं’ हा सूर आता चालणार नाही, आणि ‘हक्क घेता तर वर्गणीही द्या’ हा टोमणा तर मुळीच नाही. त्यांच्यावर आकडा लादू नये आणि त्यांनी दिलं तर ‘देणगी’ म्हणून वेगळ्या रकान्यातही टाकू नये. इतरांसारखीच एक ओळ, इतरांसारखीच पावती.

या टप्प्यावर बँकेत काम केलेला एखादा काका हटकून सुचवतो की दरवर्षीची कटकट नको, एकदाच मोठी रक्कम ठेवीत टाका आणि व्याजावर देवाचं चालू द्या. कल्पना छान आहे. साडेसहा टक्के व्याज धरलं तर ५८,००० मिळायला जवळपास नऊ लाख ठेवावे लागतात, म्हणजे घरटी चाळीस हजारांच्या आसपास. तेही जमले असं धरू. ठेव तिथल्या तिथे राहते, नारळ आणि तेल तिथे राहत नाही. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर दहा वर्षांनी हाच खर्च एक लाखाच्या पुढे जातो आणि व्याज अट्ठावन्न हजारांवरच असतं. शिवाय एकदा पैसे देऊन मोकळा झालेला माणूस गावाकडे फिरकत नाही. वर्षाची वर्गणी ही वर्षाला एक फोनही असते.

एवढं ठरलं की मग बोलणं. ते गणपतीतच करावं, कारण एरवी सगळे एकत्र नसतात. पण विसर्जनाच्या दिवशी नको, तेव्हा निम्म्यांचं मन परतीच्या गाडीत असतं. दुसऱ्या रात्री आरती आणि भजन झाल्यावर, पानं वाढायच्या आधी, पडवीत. आणि त्याआधी तिन्ही शाखांच्या वडीलधाऱ्यांना एकेकटं भेटून सगळं सांगितलेलं असावं. मोठ्यांना चारचौघांत नवी गोष्ट ऐकावी लागली की ते आधी नाही म्हणतात आणि मग त्या नाहीला चिकटून राहतात. बोलणारा पन्नाशीतला, मधल्या शाखेतला असेल, तर साधारण असं बोलावं:

“मोठे काका, काकू, आत्या, दादा-वहिनी, बसा जरा. जेवणाआधी चार मिनिटं घेतो. काकांशी माझं कालच बोलणं झालंय. यंदा पाळी आमच्याकडे होती. खर्च किती झाला ते या वहीत लिहिलंय, कुणीही बघा. मी तक्रार करत नाहीये, आनंदानं केलं. पण पुढच्या वर्षीची पाळी ज्यांची आहे, त्यांच्या घरात कमावतं माणूस एकच आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी कर्ज काढून गणपती आणावा, असं आपल्यापैकी कुणालाच वाटत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. पाळी जशी आहे तशीच राहू दे. पूजेला बसायचा मान ज्याची पाळी त्याचाच. खर्च मात्र सगळ्यांचा. चारच गोष्टींसाठी: गणपती, शिमग्याची पालखी, देवीचा अभिषेक आणि रोजचा दिवा. म्हाळ ज्याचा त्यानं करायचा. घराच्या दुरुस्तीचा याच्याशी काही संबंध नाही, ते वेगळं बसून बोलू. घरटी साडेतीन हजार, गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत. काकू गावात राहून सगळं बघतात, त्यांच्याकडून घ्यायचे नाहीत, उलट महिना हजार रुपये त्यांना द्यायचे. काकू, नाही म्हणू नका, हे मी तुमच्यासाठी नाही, दिव्यासाठी म्हणतोय.

ज्याला एखाद्या वर्षी जमणार नाही त्यानं तिघांपैकी एकाला सांगायचं, बाकी कुणाला कळणार नाही. दिले नाहीत म्हणून आरतीला मागे उभं राहायचं नाही. ज्याला जास्त द्यायचे आहेत त्यानं द्यावेत, पण पाटीवर नाव लागणार नाही. तीन वर्षं करून बघू. नाही जमलं तर पाळीवाल्याचा खर्च पाळीवाल्याकडे, पूर्वीसारखं. आज लगेच हो म्हणू नका. परवा सकाळपर्यंत विचार करा, ज्याला काही विचारायचं आहे त्यानं मला एकट्याला गाठलं तरी चालेल.”

यात दोन-तीन गोष्टी मुद्दाम आहेत. पाळीचा मान आणि पैसा यांची गाठ सोडवली आहे, कारण जुन्या माणसांना खर्चाची नाही, मान जाण्याची भीती असते. ‘मीच सगळं करतो’ म्हणणाऱ्या सुखवस्तू भावाला अगोदरच वाट बंद केली आहे, नाहीतर दोन वर्षांत तो गणपती भावकीचा न राहता त्याचा होतो. आणि न देणाऱ्यांची नावं कुठेही वाचली जाणार नाहीत, हे सांगून टाकलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर थकबाकीची यादी टाकून वर्गणी वाढल्याचं मी कधी ऐकलं नाही, गटातून माणसं बाहेर पडल्याचं मात्र ऐकलंय.

उलट प्रश्न एकच येतो, दर वेळी: मी येतच नाही तर का देऊ? याला भावनेचं उत्तर देऊ नये. ‘यायचं तेव्हा ये, पण यादीत नाव ठेवू का?’ एवढंच विचारावं. नाही म्हणाला तर नाही. नकार वहीत लिहायचा नाही, अठराचा हिशेब त्यासाठीच केला होता.

पैसे ठेवायचे कुठे? इतक्या छोट्या निधीसाठी संस्था नोंदवायची गरज सहसा नसते. प्रत्येक शाखेतला एक अशा तिघांच्या नावे बँकेत संयुक्त खातं काढावं आणि कोणत्याही दोघांच्या सह्यांनी पैसे निघतील असं लिहून द्यावं. एकाच्या सहीनं चालणाऱ्या खात्यात पैसे खाल्ले जातीलच असं नाही, पण तो माणूस अचानक गेला की ते अडकतात हे नक्की. संयुक्त खात्याचं व्याज सहसा पहिल्या नावाच्या माणसाच्या पॅनवर दिसतं, तेव्हा पहिलं नाव कुणाचं हे त्याच्या संमतीनं ठरवावं. परदेशातल्या घरांनी भारतातल्या आपल्या एनआरओ खात्यातून रुपयांत भरावं, म्हणजे गुंता होत नाही. भावकीबाहेरच्यांकडून मात्र पैसे घेऊ नयेत. बाहेरचे पैसे आले, देव सर्वांसाठी खुला झाला, की सार्वजनिक न्यासाचा कायदा आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय यांचा विचार करावा लागतो, आणि तो आपल्या आवाक्याबाहेरचा उद्योग आहे.

हे बिघडायला लागलं की आधी वहीत दिसतं. खर्चाच्या नोंदी महिन्याऐवजी वर्षाच्या शेवटी एकदम एकाच शाईनं लिहिलेल्या असतात. एकच माणूस ‘आत्ता मी देतो, नंतर बघू’ म्हणत स्वतःचे घालतो आणि ते नंतर कधी येत नाही. अशा माणसाचं कौतुक होतं खरं, पण त्याच्या सौजन्यानं निधीचा खरा खर्चच कुणाला कळत नाही, आणि तो दमला की सगळं एकदम बंद पडतं. त्याचे पैसे त्याच महिन्यात परत करावेत, त्याला नको असले तरी. सुतकाचं वर्षही आधी ठरवून ठेवावं. ऐन गणपतीत भावकीत कुणी गेलं तर दहा दिवस सगळ्यांनाच सुतक, मूर्तीची आगाऊ रक्कम शाळेत अडकलेली. त्या वर्षी वर्गणी परत मागू नये आणि पुढच्या वर्षी दुप्पटही करू नये, उरलेलं पुढे ओढावं.

आणि एक प्रश्न या सगळ्यातून सुटत नाही, तो राखणेचा. काही भावक्यांत राखणदाराला कोंबडा द्यायची चाल आहे, आणि त्याच भावकीत चार घरं माळकरी आहेत. माझ्या पैशातून कोंबडा नको, हे माळकऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. पिढ्यान्‌पिढ्या दिलंय ते आम्ही का बंद करू, हेही खोटं नाही. काही घरं त्याऐवजी नारळ फोडतात. काही ठिकाणी राखण सामाईक यादीतून काढून ज्यांना करायची आहे ते आपसांत पाच-सहाशे गोळा करतात. मला दुसरी वाट बरी वाटते, कारण त्यात कुणाला कुणाचं मन वळवावं लागत नाही. पण ही गोष्ट पडवीतल्या त्या चार मिनिटांत काढायची नाही. ती काढली की साडेतीन हजार बाजूला राहतात आणि पानं वाढेपर्यंत कोंबड्यावरच बोलणं चालतं.